गेलेले भागिले उरलेले

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सहलीत, तोरणमाळ मुक्कामी, रात्रीच्या जेवणानंतर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना जे आकडे फळ्यावर लिहिले होते ते इथे ओळीने दिले आहेत. बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



भरीत-भाकरी पोटभर झाली आहे, थंडी वाजते आहे, आणि अशा वेळी बँकेतल्या माणसाला बोलायला उभं करणं हा श्रोत्यांवर अन्याय आहे. तरीही समितीने सांगितलं, "नाना, पंचवीस वर्षांत तुम्ही प्रत्येक वार्षिक सभेत हिशेबावर बोललात, आज काही कामाचं बोला." म्हणून आज एकच हिशेब सांगणार आहे. चौथीच्या मुलाला समजेल एवढा तो सोपा आहे. पण तो मला वयाच्या साठाव्या वर्षी कळला, आणि कळेपर्यंत साडेतीन लाख रुपये गेले होते. त्यातला निम्मा दोष बाजाराच्या माथी मारता येईल असं मला बरीच वर्षं वाटायचं. तेही खरं नव्हतं, ते पुढे येईलच.

आज सकाळी आपण सीताखाईच्या कडेला उभे होतो. आपल्या दुसऱ्या गल्लीतल्या एका नातवाने मला विचारलं, "आजोबा, खाली उतरायला जेवढं लागतं तेवढंच वर चढायला लागतं ना?" मी म्हटलं, अंतर तेवढंच, दम जास्त लागतो. शहाद्याहून येताना सातपायरीचा घाट आपण चढून आलो, उद्या तेवढाच उतरून जाणार आहोत. पण पैशाची दरी अशी नसते. समजा एखाद्या दरीत एकेक पाऊल उतरताना माणसाचे पाय आखूड होत गेले, तर तोच रस्ता वर येताना त्याला कितीतरी जास्त पावलं टाकावी लागतील. पैशाचं नेमकं असंच होतं. तोटा झाला की नुसते पैसे कमी होत नाहीत. ज्या पैशाने तो तोटा भरून काढायचा, तो पैसाच कमी होतो.

आता माझी गोष्ट.

मी 31 जानेवारी 2008 ला निवृत्त झालो. पेन्शन होती, राहायला आपल्या सोसायटीतलं घर होतं. ग्रॅच्युइटी वगैरे मिळून जे हातात आलं, त्यातले 10 लाख मी बाजूला काढले. मुलगा नाशिकला नोकरीला लागला होता. त्याला शब्द दिला होता की दोन वर्षांनी फ्लॅट घेशील तेव्हा 10 लाख माझे.

त्या महिन्यात बाजारात काय चाललं होतं ते मोठ्यांना आठवत असेल. 8 जानेवारी 2008 ला सेन्सेक्स 20,873 वर बंद झाला होता. 21 जानेवारीला तो एका दिवसात 1,400 अंशांनी पडला. माझे पैसे हातात आले तेव्हा तो साडेसतरा हजारांच्या आसपास होता. मला वाटलं, एवढा पडलाय, आता स्वस्त मिळतोय. मी सगळे 10 लाख सेन्सेक्सच्या मागोमाग चालणाऱ्या इंडेक्स फंडात टाकले. फंडात काही खोट नव्हती. बाजार जसा हलेल तसा तो हलणार होता, आणि तसाच हलला.

ऑक्टोबर 2008 मध्ये माझ्या 10 लाखांचे 5 लाख राहिले.

त्या रात्री मी हिला म्हणालो, "घाबरू नकोस. पन्नास टक्के गेलेत. बाजार पन्नास टक्के वर आला की झालं." ही तेव्हा किराण्याची वही लिहीत होती. आत्ता समोरच बसली आहे, विचारा तिला. तिने वर न बघताच विचारलं, "पाच लाखाचे पन्नास टक्के किती?" मी म्हणालो, अडीच लाख. "मग पाच आणि अडीच, साडेसात. उरलेले अडीच कुठून आणणार?"

छत्तीस वर्षं बँकेत काढली होती मी. त्या वहीसमोर गप्प बसलो.

हा सगळा घोळ 'टक्के' या शब्दात आहे. टक्के नेहमी कशाचे तरी असतात. पडताना ते 10 लाखांचे टक्के होते, चढताना 5 लाखांचे. पाया बदलला, आणि आपण मात्र वरचा आकडा तोच धरून बसलो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. नंदुरबारच्या बाजारात मिरचीचा भाव निम्म्यावर आला, तर जुना भाव यायला तो दुप्पट व्हावा लागतो. दुप्पट म्हणजे शंभर टक्के वाढ. तेच माझ्या फंडाचं.

यासाठी एक सूत्र लक्षात ठेवा. गेलेले भागिले उरलेले. शंभरातले वीस गेले तर ऐंशी उरले. वीस भागिले ऐंशी म्हणजे पाव. म्हणजे पंचवीस टक्के वाढ हवी. फळ्यावर मी हे लिहिलं होतं:

10 टक्के गेले, तर परत यायला 11 टक्के वाढ हवी.
20 टक्के गेले, तर 25 टक्के.
30 टक्के गेले, तर 43 टक्के.
50 टक्के गेले, तर 100 टक्के.
60 टक्के गेले, तर 150 टक्के.
80 टक्के गेले, तर 400 टक्के.

पहिल्या दोन ओळी पाहिल्या तर वाटतं, फार फरक नाही. पण खाली खाली जाताना उजवीकडचा आकडा कसा उडतो ते बघा. 10 टक्के आणि 20 टक्के तोटा यांत भरपाईचा फरक चौदा टक्क्यांचा आहे. 50 आणि 60 यांत तो पन्नास टक्क्यांचा आहे. म्हणजे खड्ड्यातला प्रत्येक पुढचा फूट आधीच्या फुटापेक्षा महाग असतो.

हे टक्के डोक्यात बसत नसतील तर वर्षांत मोजा. समजा एखाद्याला सातत्याने वर्षाला 12 टक्के मिळतात, आणि हे मी चांगलंच धरतोय. तर 10 टक्के तोटा भरायला साधारण एक वर्ष जातं. 20 टक्क्यांना दोन वर्षं. 50 टक्क्यांना सहा वर्षं. 80 टक्क्यांना चौदा वर्षं. तिशीतल्या माणसाला सहा वर्षं म्हणजे एक धडा. साठीतल्या माणसाला सहा वर्षं म्हणजे गुडघे, मोतीबिंदू आणि नातवाचं शिक्षण.

बाजाराचंही हेच झालं. 9 मार्च 2009 ला सेन्सेक्स 8,160 वर आला. 20,873 वरून 8,160, म्हणजे 61 टक्के घसरण. आपलं सूत्र लावा. गेलेले 12,713, उरलेले 8,160. भागाकार दीडाच्या थोडा वर. म्हणजे जुन्या शिखरावर यायला 156 टक्के वाढ हवी होती. ती झाली. 5 नोव्हेंबर 2010 ला, दिवाळीच्या मुहूर्ताच्या व्यवहारात, सेन्सेक्स 21,000 च्या वर बंद झाला. वीस महिन्यांत अडीच पटीहून जास्त.

इथे कोणीतरी म्हणेल, "मग नाना, आलं ना सगळं परत? थांबला असतात तर झालं असतं." बरोबर आहे. मी थांबलो असतो तर झालं असतं. पण मी थांबलो नाही, आणि आजच्या बोलण्याचा खरा मुद्दा तोच आहे.

हिने वहीत हिशेब करून दाखवला, त्यानंतर मला शंभर टक्के वाढ हवी आहे हे कळलं. पण ते कळल्यावर मी शहाणा झालो नाही, उतावीळ झालो. शंभर टक्के साध्या मार्गाने कधी मिळणार? मुलाला शब्द दिलाय दोन वर्षांचा. म्हणून त्या 5 लाखांतले 2 लाख काढले आणि निफ्टीच्या फ्युचर्समध्ये गेलो. थोड्या मार्जिनवर मोठा सौदा करता येतो, म्हणजे भरपाई लवकर होईल, असा तो विचार. जानेवारी 2009 पर्यंत त्या 2 लाखांतले दीड लाख गेले. उरलेले पन्नास हजार काढून बचत खात्यात टाकले आणि हात जोडले. 3 लाखांचा फंड तेवढा शिल्लक राहिला.

पुढे काय झालं ते ऐका. 2009 च्या अखेरीस सेन्सेक्स पुन्हा साडेसतरा हजारांजवळ आला, म्हणजे मी जिथे पैसे टाकले होते तिथेच. बाजाराच्या दृष्टीने काही झालंच नव्हतं. माझ्या 3 लाखांचे 6 लाख झाले. त्यात ते पन्नास हजार. एकूण साडेसहा लाख. दहाच्या जागी साडेसहा.

आता हे नीट पाहा. फ्युचर्समध्ये माझे दीड लाखच गेले होते. मग तूट साडेतीन लाखांची कशी? कारण ते दीड लाख मी दरीच्या तळाशी गमावले. तळाशी असलेला प्रत्येक रुपया वर येईपर्यंत दोन रुपये होणार होता. दीडचे तीन झाले असते. शिवाय जे पन्नास हजार भीतीने बाजूला ठेवले, त्यांचे एक लाख झाले असते, ते पन्नासच राहिले. तीन लाख आणि अर्धा लाख, साडेतीन.

पहिला खड्डा बाजाराने खणला होता आणि बाजारानेच तो बुजवला. दुसरा खड्डा मी खणला, पहिल्या खड्ड्यात उभं राहून. तो कोणी बुजवला नाही.

मुलाने फ्लॅट घेतला. मी साडेसहा लाख दिले. राहिलेल्या साडेतीन लाखांचं जास्तीचं गृहकर्ज त्याने पंधरा वर्षांचं काढलं. त्याचा महिन्याचा हप्ता साधारण साडेतीन हजार. त्याने मला कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. तो हप्ता यंदा संपला. आपल्या सोसायटीचा रौप्यमहोत्सव आणि माझ्या चुकीचा शेवटचा हप्ता, दोन्ही एकाच वर्षी आले.

आता मर्यादेबद्दल बोलतो. बँकेत आम्ही तिला लिमिट म्हणायचो.

गंमत अशी की हे सगळं मी नोकरीत रोज करत होतो. शेअर तारण ठेवून कोणी कर्ज मागितलं तर आमच्या काळी आम्ही किमतीच्या साधारण निम्मंच द्यायचो. गिऱ्हाईक रागवायचं, "साहेब, लाखाचा माल आहे आणि पन्नासच हजार?" मी समजावायचो की भाव पडू शकतो, बँकेचा पैसा सुरक्षित राहिला पाहिजे. लिमिट ठरायचं ते कर्ज देण्याआधी. माल पडल्यावर गिऱ्हाईक येऊन म्हणालं, "आता लिमिट वाढवून द्या, म्हणजे मी तोटा भरून काढतो," तर मी त्याला चहा पाजून परत पाठवायचो. बँकेच्या पैशासाठी जे नियम मी छत्तीस वर्षं पाळले, ते स्वतःच्या पैशासाठी एक दिवसही पाळले नाहीत.

तर पहिलं लिमिट सगळ्या गाठोड्याचं. उलटीकडून सुरुवात करायची. किती मिळेल हे विचारायचं नाही. विचारायचं की माझ्या एकूण पैशातले किती टक्के गेले तर मी ते या आयुष्यात, माझ्या वयात, भरून काढू शकेन? माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी तो आकडा 20 च्या वर नसावा, कारण त्याच्या पुढे भरपाईचा आकडा उडायला लागतो. आता 2008 ने दाखवलं की अख्खा बाजार 60 टक्के पडू शकतो. मग शेअर बाजारात किती ठेवायचे? वीस भागिले साठ. एक तृतीयांश.

ताळा करून पाहू. समजा 30 लाख आहेत. त्यातले 10 बाजारात, 20 मुदत ठेवीत आणि पोस्टात. बाजार 60 टक्के पडला. 10 चे 4 झाले. 20 तसेच आहेत. एकूण 24. तोटा 20 टक्के, भरपाईला 25 टक्के हवेत. वाईट दिवस आहेत, पण झोप लागते. तेच तीसच्या तीस बाजारात असते तर 12 राहिले असते, आणि दीडशे टक्क्यांची वाट बघत बसावं लागलं असतं. 2008 ला मी त्या 10 लाखांतले सव्वातीनच बाजारात टाकले असते, तर हिची वही उघडायची वेळच आली नसती.

पण या हिशेबाला एक मर्यादा आहे, ती लपवत नाही. 60 टक्के ही घसरणीची शेवटची हद्द आहे असं कुठे लिहिलेलं नाही. जपानचा निक्केई निर्देशांक 1989 च्या डिसेंबरात 38,915 वर होता. मार्च 2009 ला तो 7,054 वर आला. 82 टक्के घसरण. जुनं शिखर त्याने पुन्हा गाठलं ते फेब्रुवारी 2024 मध्ये. चौतीस वर्षं. आपला बाजार वीस महिन्यांत वर आला हे आपलं नशीब होतं, तो नियम नव्हे. आणि एकट्या कंपनीचा शेअर तर शून्यावरही जाऊ शकतो. त्याला परतीचा रस्ताच नसतो, कारण उरलेले शून्य असतील तर भागाकारच होत नाही.

ज्यांचा घरखर्च त्या गाठोड्यातूनच चालतो त्यांनी आणखी एक बघावं. शंभराचे पन्नास झाले आणि त्यातूनच वर्षाच्या खर्चाला सहा काढले, तर चव्वेचाळीस राहिले. आता शंभर टक्के पुरत नाहीत, 127 लागतात. म्हणून दोन-तीन वर्षांचा खर्च बाजाराबाहेर वेगळा हवा, म्हणजे पडलेल्या बाजारात विकायची वेळ येत नाही. मला पेन्शन होती म्हणून मी यातून सुटलो.

दुसरं लिमिट एका सौद्याचं, आणि हे मी मागच्या रांगेतल्या तरुणांसाठी सांगतोय. मोबाइलवर साप्ताहिक ऑप्शन घेणारे आपल्या सोसायटीत किती आहेत ते मला माहीत आहे. सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने अभ्यास प्रसिद्ध केला. तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये सौदे करणाऱ्या शंभर व्यक्तींमागे 93 जण तोट्यात होते. म्हणून आधी मी म्हणेन, करू नका. तरी करणारच असाल तर एका सौद्यात किती घालवायचं ते आधी ठरवा.

हातात 1 लाख आहेत. प्रत्येक सौद्यात शिल्लक रकमेच्या 10 टक्के गमावायची तयारी ठेवली, आणि लागोपाठ दहा सौदे चुकले. असं होतं, लागोपाठ दहा चुकतात. तर 35 हजार राहतात. परत यायला 187 टक्के हवेत. त्याच जागी प्रत्येक वेळी 2 टक्केच गमावायचे ठरवले असते, तर त्याच दहा चुकांनंतर जवळजवळ 82 हजार राहिले असते. 22-23 टक्क्यांत परत. माणूस तोच, चुका त्याच. फरक फक्त लिमिटचा.

2 टक्के म्हणजे 2 हजारांचेच शेअर घ्या असं नाही. समजा शेअर 200 ला घेतला आणि 180 ला आला तर विकायचं ठरवलं. एका शेअरमागे 20 रुपयांची जोखीम. 2 हजार भागिले 20, म्हणजे 100 शेअर, वीस हजारांचे. आधी बाहेर पडायची जागा ठरवायची, मग किती घ्यायचे ते आपोआप ठरतं. बहुतेकजण उलटं करतात.

आणि ही 180 ची जागा बाजार पाळेलच असं नाही. 7 जानेवारी 2009 ला सत्यमच्या अध्यक्षांनी हिशेबातल्या गडबडीची कबुली दिली, त्या एका दिवसात शेअर तीन-चतुर्थांशाहून जास्त पडला. मधल्या भावाला घेणारा कोणी नसेल तर तुमची विक्री खालच्याच भावाला होते. म्हणून 2 टक्क्यांचा हिशेब बरोबर असला तरी एकाच नावात फार मोठी रक्कम अडकवायची नाही.

तिसरं, मोजमाप कुठून करायचं ते. आपण खरेदीच्या भावापासून मोजतो. मोजायचं असतं आपल्या गाठोड्याच्या सर्वात वरच्या आकड्यापासून. दुसरं असं की दर महिन्याला आपण खात्यात नवे पैसे टाकत असतो. त्यामुळे स्क्रीनवरचा आकडा वाढत राहतो आणि आतला तोटा झाकला जातो. ताज्या पैशाचा आकडा वेगळा लिहा, मग खरं चित्र दिसतं. आणि वरपासून 20 टक्के खाली आलात की सौदा लहान करायचा. त्या क्षणी मन नेमकं उलटं सांगतं, मोठा कर म्हणून. माझ्या मनाने तेच सांगितलं होतं.

म्हणून लिमिटचा कागद स्वतःच्या खिशात ठेवू नका. बँकेत कर्जदार स्वतःचं लिमिट स्वतः वाढवत नाही. आमच्या घरी तो कागद किराण्याच्या वहीत चिकटवलेला आहे, आणि तो बदलायचा तर हिची सही लागते. गेल्या पंधरा वर्षांत मी दोनदा मागितली. दोन्ही वेळा मिळाली नाही. मार्च 2020 मध्ये, कोरोनाच्या वेळी, सेन्सेक्स सव्वादोन महिन्यांत 38 टक्के पडला. आमच्याकडे तेव्हा एक तृतीयांशच बाजारात होते. एकूण तोटा 13 टक्क्यांच्या आत राहिला. टीव्ही बंद केला आणि आम्ही पत्ते खेळलो.

शेवटचं सांगतो. चार महिन्यांपूर्वी आपल्यातलाच एक तरुण रात्री माझ्याकडे आला. नाव सांगणार नाही. 3 लाखांचे 1 लाख 20 हजार राहिले होते. म्हणाला, "काका, आणखी 2 लाख उसने द्या, महिन्याभरात काढतो." मी त्याला पैसे दिले नाहीत. पेन्सिल दिली. गेलेले 1 लाख 80 हजार, उरलेले 1 लाख 20 हजार. त्याने भागाकार केला. दीड आला. दीडशे टक्के. बराच वेळ तो त्या आकड्याकडे बघत राहिला. मग मी त्याला माझ्या दुसऱ्या खड्ड्याची गोष्ट सांगितली, आज तुम्हाला सांगितली तशीच. त्याने विचारलं, "मग ते 1 लाख 80 हजार गेलेच म्हणायचे?" मी म्हटलं, हो, गेलेच. पगारातून भरतील, सौद्यातून नाही. पण उरलेले 1 लाख 20 हजार अजून आहेत, आणि तुझं वय एकोणतीस आहे.

त्या रात्री त्याने घरी वडिलांना सांगितलं. ते माझ्यापेक्षा अवघड काम होतं, मी ते हिच्यासमोर तीन महिने टाळलं होतं. आज तो इथेच बसला आहे आणि माझ्याकडे रागाने बघत नाहीये, हे माझ्या दृष्टीने पुष्कळ झालं.

उद्या सकाळी यशवंत तलावावर फिरायला जायचं आहे, तेव्हा आता झोपा. घाट उतरताना मुलांनी हिशेब विचारला तर फक्त एवढं सांगा, गेलेले भागिले उरलेले. पुढचं ती स्वतः करतील.